शून्य कचऱ्याची पुस्तके: आधी कोणते वाचावे आणि कसे वापरावे

प्रश्न: आम्ही घरात चार माणसे आहोत. घरातला कचरा कमी करायचा आहे, पण नव्या वस्तूंवर खर्च करण्याची तयारी नाही आणि दिवसभर यातच गुंतून राहण्याइतका वेळही नाही. शून्य कचरा आणि पर्यावरणपूरक राहणी या विषयावरची बरीच पुस्तके दिसतात. त्यांतली नेमकी कोणती वाचावीत आणि कोणत्या क्रमाने?

उत्तर:

पहिले पुस्तक डेना गंडर्स यांचे ‘वेस्ट-फ्री किचन हँडबुक’ (2015) असावे आणि दुसरे मेरी अ‍ॅपलहॉफ यांचे ‘वर्म्स ईट माय गार्बेज’ (1982). या विषयातले सर्वाधिक गाजलेले पुस्तक, म्हणजे बी जॉन्सन यांचे ‘झीरो वेस्ट होम’ (2013), तिसऱ्या क्रमांकावर ठेवावे आणि तेही निवडक वाचावे. तिन्ही पुस्तके इंग्रजीत आहेत, पण त्यांची भाषा सोपी आहे. शक्यतो ती वाचनालयातून आणावीत, कारण यातले कोणतेही पुस्तक घरात कायम बाळगावे लागत नाही. आपल्या उपयोगाची पाने एका वहीत उतरवून घेतली की पुस्तक परत करता येते. घरोघरच्या कचऱ्याचे वजन करून घेणे आणि खताच्या पेट्या सुरू करून देणे हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे हा क्रम मी पुस्तकांच्या लोकप्रियतेवरून न लावता घरातल्या डब्यात प्रत्यक्ष काय सापडते त्यावरून लावला आहे.

म्हणूनच कोणतेही पुस्तक उघडण्यापूर्वी एक आठवडा कचऱ्याचे वजन करावे. त्यासाठी चार जुने डबे किंवा पिशव्या आणि स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा पुरतो. पहिल्या डब्यात जे खाता आले असते पण टाकले गेले ते टाकायचे: उरलेले शिजवलेले अन्न, सडलेली भाजी, मऊ पडलेली फळे. दुसऱ्यात जे खाण्याजोगे नव्हतेच ते: साली, देठ, बिया, चहा-कॉफीचा चोथा, अंड्यांची टरफले. तिसऱ्यात वेष्टने: कागद, पुठ्ठा, काच, धातू आणि प्लॅस्टिक. चौथ्यात उरलेले सगळे, म्हणजे केर, डायपर, सॅनिटरी पॅड, अनेक थरांची चकचकीत पाकिटे. पहिल्या डब्यात काही टाकताना ते का टाकावे लागले हे शेजारच्या कागदावर चार शब्दांत लिहायचे. हा कागद वजनापेक्षाही मोलाचा ठरतो. पाहुणे किंवा समारंभ असलेला आठवडा मात्र यासाठी निवडू नये.

तुमच्याएवढ्याच एका चार माणसांच्या घरात ही नोंद केली तेव्हा आठवड्याचा एकूण कचरा 8.4 किलो भरला. त्यात खाण्याजोगे होते पण वाया गेले असे 2.1 किलो, साली-देठ 3.5 किलो, वेष्टने 1.9 किलो आणि उरलेले सगळे 0.9 किलो. म्हणजे एकूण वजनाच्या दोन तृतीयांश भाग अन्नाशी संबंधित होता. हे घर काही वेगळे नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्न-नासाडी अहवालात 2022 या वर्षासाठी जगभरच्या घरांची सरासरी माणशी 79 किलो अशी दिली आहे आणि त्यात साली-देठांसारखा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे. चार माणसांसाठी आठवड्याचा हिशेब केला तर तो सुमारे सहा किलो येतो. या घराचे दोन्ही डबे मिळून 5.6 किलो होते. या कुटुंबाने मात्र त्याआधीच काचेच्या बरण्यांचा संच, धातूच्या नळ्या आणि कापडी पिशव्यांचा मोठा गठ्ठा विकत घेतला होता. ही सगळी खरेदी 1.9 किलोच्या डब्यासाठी होती, तर 5.6 किलोच्या डब्यांकडे कोणाचे लक्षच गेले नव्हते.

गंडर्स यांचे पुस्तक पहिले असण्याचे कारण हेच आहे. त्या अमेरिकेतील ‘नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल’ या संस्थेत अन्नाच्या नासाडीवर काम करत होत्या आणि 2012 मध्ये त्यांनी लिहिलेला या विषयावरचा अहवाल बराच चर्चिला गेला. पुस्तक त्याच अभ्यासातून आले असले तरी ते घरासाठी लिहिलेले आहे: खरेदी, साठवण, अंदाजाने शिजवणे, उरलेल्याचा वापर, आणि शेवटी कोणता पदार्थ कसा व किती काळ ठेवावा याची सूची. माझ्या मते या सूचीसाठीच पुस्तक आणावे. ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचण्याची गरज नाही. तुमच्या ‘का टाकले’ या कागदावर जे चार-पाच पदार्थ वारंवार आले असतील तेवढ्यांच्याच नोंदी सूचीत पाहाव्यात, त्या वहीत उतरवाव्यात आणि ते पान फ्रिजच्या दारावर लावावे.

वर सांगितलेल्या घराचा कागद पाहिला तेव्हा 2.1 किलोपैकी 0.9 किलो भाजी होती आणि त्यातही बहुतांश पालेभाजी, 0.8 किलो शिजवलेले उरलेले अन्न होते आणि 0.4 किलो फळे. पालेभाजीपुढे तीन वेळा ‘मागे राहिली, दिसली नाही’ असे लिहिले होते आणि दोन वेळा ‘पिवळी पडली’. या दोन्ही नोंदी एकच वाटल्या तरी त्यांची कारणे निरनिराळी होती. न दिसणे हा मांडणीचा दोष होता. पिवळी पडणे हा बहुधा शेजाराचा परिणाम होता, कारण सफरचंद, केळे, टोमॅटो अशी फळे पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याच कप्प्यात ठेवलेली पालेभाजी त्यामुळे लवकर पिवळी पडते. पालेभाजी धुऊन ओलीच ठेवली तर तिचे पाणी सुटून ती चिकट होते. कोरड्या कापडात गुंडाळून, अर्धवट बंद डब्यात आणि फळांपासून दूर ठेवली तर ती कितीतरी अधिक टिकते. एकाच वेळी दोन गोष्टी बदलू नयेत, नाहीतर कशाचा उपयोग झाला ते कळत नाही, असे मी नेहमी सांगतो. पण इथे दोन्ही कारणे कागदावर स्पष्ट होती म्हणून दोन्ही बदल एकदम केले.

शिजवलेल्या अन्नासाठी फ्रिजचा एकच कप्पा, डोळ्यांच्या उंचीचा, ‘आधी हे संपवा’ असा राखून ठेवला आणि त्यात फक्त पारदर्शक डबे ठेवले. उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाते ना आणि फ्रिजचे तापमान 4 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी आहे ना, एवढे पाहणे आवश्यक आहे. फ्रिजच्या दाराचा कप्पा सर्वांत उबदार असतो, म्हणून लवकर नासणारे काहीही तिथे ठेवू नये. आठवड्यातून एकदा खरेदीला जाण्याआधी हा राखीव कप्पा रिकामा करायचा आणि जे उरेल त्यावरून पुढचा स्वयंपाक ठरवायचा, हा नियम पुस्तकातल्या कोणत्याही पाककृतीपेक्षा अधिक उपयोगी पडला. सहा आठवड्यांनी पुन्हा वजन केले तेव्हा पहिला डबा 2.1 वरून 0.9 किलोवर आला होता. साली-देठांचा डबा 3.5 किलोवरच राहिला, आणि तसा तो राहणारच होता, कारण भाजी खाल्ली तर तिच्या साली निघणारच.

वेष्टनावरच्या तारखांविषयी गंडर्स यांच्या पुस्तकात जे सांगितले आहे तेही लक्षपूर्वक वाचावे. बऱ्याच पदार्थांवरची ‘या तारखेपूर्वी उत्तम’ ही तारीख चवीबद्दलचा उत्पादकाचा अंदाज असते. ती उलटली म्हणून कोरडे, बंद पाकिटातले धान्य किंवा पीठ टाकून देण्याचे कारण नसते. ‘या तारखेपर्यंत वापरा’ असे लिहिलेले असेल तर मात्र ते पाळावे, विशेषतः मांस, मासे आणि न शिजवता खायचे तयार पदार्थ यांच्या बाबतीत. कोणत्या सूचनेचा कायदेशीर अर्थ काय हे देशागणिक बदलते, त्यामुळे पुस्तकातला अमेरिकेचा संदर्भ जसाच्या तसा उचलू नये आणि आपल्याकडच्या सूचनांचा अर्थ एकदा समजून घ्यावा.

आता दुसरा डबा. साली-देठांसाठी अ‍ॅपलहॉफ यांचे पुस्तक मी इतक्या वर्षांनंतरही आधी सुचवतो, कारण खत करण्यावरच्या अनेक पुस्तकांत उत्साह भरपूर असतो पण मापे नसतात, आणि यात मापे आहेत. गांडुळांची पेटी किती मोठी हवी याचे त्यांचे सूत्र असे: आठवड्याला जितके पौंड साली-देठ निघतात, तितके चौरस फूट पेटीचा पृष्ठभाग हवा. पेटीची खोली साधारण एक फूट पुरते, कारण ही गांडुळे वरच्या थरात राहतात आणि त्यांना हवा लागते. त्यांनी सुचवलेली घरगुती पेटी एक फूट खोल, दोन फूट रुंद आणि तीन फूट लांब आहे, म्हणजे पृष्ठभाग सहा चौरस फूट आणि क्षमता आठवड्याला सहा पौंड, अर्थात सुमारे 2.7 किलो. गांडुळांचे वजन रोजच्या सरासरी कचऱ्याच्या दुप्पट असावे असेही त्या सांगतात.

हे सूत्र वरच्या घराला लावून पाहिले की क्रमाचे महत्त्व दिसते. सुरुवातीलाच खताची पेटी केली असती तर 5.6 किलो, म्हणजे बारा पौंडांहून थोडे अधिक, यांच्यासाठी अशा दोन पेट्या लागल्या असत्या, आणि त्यात तेल-मीठ घातलेले शिजवलेले अन्नही गेले असते, जे गांडुळांना चालत नाही आणि माश्या व उंदरांना बोलावते. आधी नासाडी कमी केल्यावर फक्त 3.5 किलो साली-देठांची सोय करायची राहिली. त्यातून लिंबूवर्गीय फळांच्या साली आणि कांद्याची टरफले मिळून 0.7 किलो बाजूला काढली, कारण ही दोन्ही मोठ्या प्रमाणात पेटीत गेली तर गांडुळे ती टाळतात आणि पेटी आंबट होते. उरलेल्या 2.8 किलोंना एकच पेटी पुरली. रोजचे सरासरी 400 ग्रॅम धरले तर गांडुळे 800 ग्रॅम हवीत. ती विकत घेणे महाग वाटले म्हणून या कुटुंबाने ओळखीच्यांच्या पेटीतून मूठ-दोन मुठी आणल्या आणि पहिले दोन-तीन महिने थोडेच खायला घातले. गांडुळे आपोआप वाढतात, फक्त धीर धरावा लागतो. बागेतली मोठी गांडुळे मात्र यासाठी चालत नाहीत. ती जमिनीत खोल राहणारी असतात आणि पेटीत मरतात. पेटीसाठी सडणाऱ्या पाल्यात व शेणखतात आढळणारी, लालसर, ‘आयसेनिया फेटिडा’ या जातीची गांडुळे लागतात.

पेटी स्वतः जुन्या लाकडी खोक्याची किंवा झाकणाच्या प्लॅस्टिक डब्याची चालते. त्याला वरच्या बाजूने हवेची आणि तळाशी पाणी निथळण्याची भोके हवीत. आत फाडलेला कागद व पुठ्ठा भिजवून पसरायचा. कोरड्या कागदाच्या वजनाच्या सुमारे तिप्पट पाणी, असे पुस्तकातले माप आहे, पण मुठीत दाबून पाहणे अधिक सोपे: घट्ट पिळल्यावर थेंब-दोन थेंब पडले तर ओल योग्य आहे, धार लागली तर जास्त आहे, आणि काहीच आले नाही तर कमी आहे. मूठभर माती घालावी, म्हणजे गांडुळांना अन्न दळायला बारीक कण मिळतात. साली दर वेळी निराळ्या कोपऱ्यात पुरायच्या आणि वर कागदाचा थर पसरायचा; फळमाश्या बहुधा हा थर न दिल्यामुळेच होतात.

बिघाड ओळखण्याची खूण वास ही आहे. व्यवस्थित चालणाऱ्या पेटीला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. कुजलेल्या अंड्यांसारखा वास आला तर आत हवा पोहोचत नाही आणि ओल जास्त झाली आहे. अशा वेळी आठवडाभर काही न घालता कोरडा पुठ्ठा मिसळून सैल करावे. अमोनियाचा डोळ्यांत जाणारा वास आला तर साली जास्त आणि कागद कमी झाला आहे. गांडुळे एकत्र गोळा होऊन भिंतींवर चढू लागली तर पेटी आंबली आहे किंवा तापली आहे. या जातीला साधारण 13 ते 25 अंश सेल्सिअस मानवते आणि तिशीच्या पुढे धोका सुरू होतो, ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे. जिथे घरात दीर्घकाळ त्याहून अधिक उष्णता असते तिथे गांडुळांचा हट्ट धरू नये. एक माप ओल्या साली आणि दोन मापे कोरडा पाला किंवा कागद असे थर देऊन, भोके पाडलेल्या डब्यात, आठवड्यातून एकदा उलथापालथ करत साधे खत करावे. त्याला वेळ अधिक लागतो, पण लक्ष कमी लागते.

आता ‘झीरो वेस्ट होम’विषयी. बी जॉन्सन यांनी पाच पायऱ्या सांगितल्या आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी नको ते नाकारणे, मग हवे ते कमी करणे, मग पुन्हा वापरणे, मग पुनर्चक्रणाला देणे आणि शेवटी कुजवणे. यातली पहिली पायरी अगदी बिनखर्ची आहे आणि पुस्तकातला तो भाग आवर्जून वाचावा: फुकटच्या भेटवस्तू, जाहिरातींचे कागद, ‘असू दे’ म्हणून घेतलेल्या पिशव्या घरात येऊच न देणे. पण या पुस्तकाची कीर्ती ज्या गोष्टीमुळे झाली, म्हणजे चार माणसांच्या कुटुंबाचा वर्षभराचा कचरा एका छोट्या बरणीत मावणे, ती आपले मोजमाप म्हणून घेऊ नये. बरणीत फक्त तेच जाते जे पुनर्चक्रणालाही देता येत नाही आणि कुजवताही येत नाही. काचेच्या दहा बाटल्या पुनर्चक्रणाला दिल्या तर बरणी रिकामीच राहते. वस्तू बनवताना आणि दुकानापर्यंत आणताना जो कचरा झाला तोही तिच्यात दिसत नाही. शिवाय लेखिका कॅलिफोर्नियात राहत असल्यामुळे सुटा माल स्वतःच्या भांड्यात देणारी दुकाने तिच्या आवाक्यात होती. तुमच्या आसपास तसे दुकान नसेल तर त्या प्रकरणांतला बराच भाग तुमच्या उपयोगाचा नाही, आणि त्यासाठी लांबवर जाणे कचऱ्याच्या हिशेबात तोट्याचेच ठरते.

वेष्टनांसाठी मला बेथ टेरी यांचे ‘प्लॅस्टिक-फ्री’ (2012) अधिक प्रामाणिक वाटते. त्यांनी 2007 पासून स्वतःच्या घरातले प्लॅस्टिक साठवून त्याच्या नोंदी ठेवल्या आणि पुस्तकाचा कणा ती नोंदच आहे. एका आठवड्याचे सगळे प्लॅस्टिक धुऊन एका खोक्यात ठेवा, मग ते जमिनीवर पसरून सारखे-सारखे एकत्र करा. वरच्या घरात 1.9 किलो वेष्टनांपैकी प्लॅस्टिक 0.6 किलोच होते, आणि पसरल्यावर दिसले की त्यातले अर्ध्याहून अधिक तीनच प्रकारांचे आहे: किराण्याच्या लहान पिशव्या, तयार खाऊची छोटी पाकिटे आणि साबण-शांपूच्या बाटल्या. तिघांपैकी पहिल्याला हात घातला. जे पदार्थ वर्षभर टिकतात तेवढ्यांचीच मोठी पिशवी घ्यायचे ठरले, कारण त्याच आकाराची पण आठपट माल मावणारी पिशवी करायला आठपट नव्हे, तर सुमारे चौपट वेष्टन लागते. जो पदार्थ मोठ्या पिशवीत खवट होतो किंवा कीड धरतो त्याला हा हिशेब लागू होत नाही, कारण टाकून दिलेल्या एक किलो अन्नाची भरपाई वाचलेल्या काही ग्रॅम प्लॅस्टिकने होत नाही.

जुने प्लॅस्टिकचे डबे फेकून काचेचे आणणे, हा अशा पुस्तकांतून घेतला जाणारा सर्वांत खर्चिक आणि चुकीचा धडा आहे. घरात आहे ते झिजेपर्यंत वापरावे, एवढेच की चरे पडलेल्या डब्यात गरम किंवा तेलकट पदार्थ ठेवू नयेत. कापडी पिशव्यांबाबतही हेच. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार हवामानावरच्या परिणामात सुती पिशवीला एकदाच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीची बरोबरी करायला 131 वेळा वापरावे लागते. एक पिशवी आठवड्यातून दोनदा नेली तर सव्वा वर्षात ती बरोबरी होते. घरात वीस पिशव्या असतील आणि आलटून-पालटून नेल्या जात असतील तर ती बरोबरी पिशवी फाटेपर्यंत होत नाही. म्हणून दोन-तीन पिशव्या पुरेत, त्याही जुन्या कपड्यांच्या असतील तर उत्तम.

यातल्या अनेक पुस्तकांत घरगुती साफसफाईच्या कृती असतात आणि त्यांच्याबाबत मी सावधगिरी सुचवीन. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की फेस येतो, पण एक आम्लारी आणि दुसरे आम्ल असल्यामुळे दोघे एकमेकांचा प्रभाव नाहीसा करतात आणि उरते ते बहुतांशी खारट पाणी. सोडा घासायला वेगळा वापरावा आणि चुन्याचे डाग काढायला व्हिनेगर वेगळे. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नये, त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. किसलेला साबण आणि धुण्याचा सोडा यांची घरगुती पावडर जड पाण्यात साबणाचा साका सोडते, जो कापडात बसत जातो. दोन-तीन महिन्यांनी कपडे करडे दिसू लागले आणि टॉवेल पाणी शोषेनासा झाला की तेच घडले आहे असे समजावे. अशा घरात साधी बाजारातली पावडरच वापरावी, फक्त मोजून आणि पाकिटावर सांगितलेल्या मापापेक्षा जास्त न घालता. बचत तिथे आहे.

खर्चाचा प्रश्न तुम्ही स्पष्टपणे मांडला आहे म्हणून एका जुन्या पुस्तकाचे नाव घेतो: एमी डेसिजन यांचे ‘द टाइटवॉड गॅझेट’. याच नावाचे त्यांचे वार्तापत्र 1990 ते 1996 या काळात निघत होते आणि पुस्तक त्यातूनच तयार झाले. त्यातल्या किमती आज निरुपयोगी आहेत आणि हेतूही पर्यावरणाचा नसून काटकसरीचा आहे, पण त्यातली भाववही आजही तितकीच उपयोगी आहे. एका वस्तूला एक पान द्यायचे आणि त्यावर तारीख, दुकान, वजन, किंमत व एका किलोचा किंवा लिटरचा भाव लिहीत जायचे. सुटा माल, पुन्हा भरून मिळणारी बाटली किंवा मोठे पाकीट खरोखर स्वस्त पडते का, याचे उत्तर या पानावर मिळते. पुष्कळदा पडते, काही वेळा ‘पर्यावरणपूरक’ अशी चिठ्ठी लावलेला सुटा माल पाकिटातल्यापेक्षा महाग निघतो, आणि तसे असेल तर तो बदल तुमच्या यादीतून निःसंकोच काढून टाकावा.

आणखी एक पुस्तक हाताशी असावे, पण ते वाचायचे नाही तर चाळायचे आहे. माइक बर्नर्स-ली यांच्या ‘हाऊ बॅड आर बनानाज?’ (2010, सुधारित आवृत्ती 2020) या पुस्तकात रोजच्या गोष्टींचा कार्बन-भार, म्हणजे त्यांच्यामुळे हवेत जाणाऱ्या, तापमान वाढवणाऱ्या वायूंचे वजन, काही ग्रॅमपासून लाखो टनांपर्यंत चढत्या क्रमाने मांडला आहे. आकडे अंदाजे आहेत हे लेखक स्वतः सांगतो, त्यामुळे दोन जवळच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही; पण एखादी गोष्ट सुरुवातीच्या पानांत येते की मधल्या, एवढे पाहिले तरी पुरते. घरात एखाद्या छोट्या पिशवीवरून वाद सुरू झाला आणि त्याच दिवशी कपडे विजेच्या ड्रायरमध्ये वाळवले गेले असतील, तर लक्ष कुठे द्यायला हवे होते ते हे पुस्तक दाखवते.

इथे नाव न घेतलेले एखादे पुस्तक वाचनालयात हाती आले तर ते घरी न्यावे की नाही हे पाच मिनिटांत ठरवता येते. कोणतेही एक प्रकरण उघडून त्यात किती वस्तू विकत घ्यायला सांगितल्या आहेत ते मोजावे. खताचे पान काढून तिथे वजन किंवा माप दिले आहे का आणि बिघडल्यास काय करावे हे सांगितले आहे का ते पाहावे. मग सूचीत ‘उरलेले अन्न’ हा शब्द शोधावा. वस्तूंची यादी लांबलचक, मापे नाहीत आणि अन्नाला दोन पाने, असे असेल तर चित्रे कितीही सुंदर असली तरी ते पुस्तक परत ठेवावे.

वेळेच्या दृष्टीने पहिल्या आठवड्यात फक्त वजन आणि कागद. त्यानंतरचे सहा आठवडे गंडर्स यांची सूची आणि राखीव कप्पा, दुसरे काही नाही. पुन्हा वजन करून पहिला डबा निम्म्यावर आला असेल तरच साली-देठांच्या वजनावरून पेटीचे माप काढावे. आला नसेल तर ‘का टाकले’ हा कागद पुन्हा एक आठवडा भरावा, कारण अशा घरात बहुतेक वेळा शिजवण्याचा अंदाज चुकत असतो आणि साठवण सुधारून तो दोष जात नाही. तेव्हा ज्या पदार्थाचे उरलेले सर्वांत जास्त भरते तो दोन आठवडे एक चतुर्थांशाने कमी शिजवून पाहावा. पेटी सुरू झाल्यावर पहिले खत निघायला तीन-चार महिने लागतात, आणि वेष्टनांचे खोके भरायला तो काळ पुरेसा आहे.